वर्कमन कोण आणि इंडस्ट्रियल डिस्प्युट कधी होतो? लेबर लॉचा प्रॉब्लेमवाला प्रश्न कसा सोडवायचा

लेबर लॉच्या पेपरात डेफिनिशनचा प्रश्न दोन प्रकारे येतो. एक म्हणजे सरळ "वर्कमनची व्याख्या सांगा", तो पाठांतराचा, त्यात फार काही नाही. दुसरा म्हणजे एक स्टोरी देतात, अमुक माणूस, अमुक पोस्ट, एवढा पगार, काढून टाकला, आता सांगा हा वर्कमन आहे का आणि हा इंडस्ट्रियल डिस्प्युट आहे का. या दुसऱ्या प्रकारात व्याख्या तोंडपाठ असणारी मुलंसुद्धा गडबडतात, कारण व्याख्या कुठल्या क्रमाने लावायची हे कोणी सांगितलेलं नसतं आणि मग सगळे पहिल्यांदा पगाराच्या आकड्यावर उडी मारतात. म्हणून एकच स्टोरी घेऊन शेवटपर्यंत सोडवू, आणि मग तिच्यातल्या एकदोन फॅक्ट बदलून उत्तर कसं फिरतं ते बघू.

स्टोरी अशी. पंपाचे पार्ट बनवणारा एक कारखाना आहे. तिथे "अ" नावाचा माणूस असिस्टंट मॅनेजर, स्टोअर्स या पोस्टवर आहे, पगार महिना ४२,००० रुपये. तो करतो काय, तर आलेला माल मोजून घेतो, माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन बनवतो, प्रत्येक मालाच्या आवकजावकीचं बिन कार्ड भरतो, कॉम्प्युटरवर स्टॉकच्या एंट्री मारतो, डिपार्टमेंटच्या मागणीप्रमाणे माल देतो आणि महिनाअखेर स्टॉक स्टेटमेंट काढून पर्चेस मॅनेजरला पाठवतो. हाताखाली दोन हेल्पर आहेत, त्यांना माल कुठे लावायचा ते सांगतो. हेल्परच्या रजेच्या अर्जावर तो "शिफारस" लिहून सही करतो, पण रजा मंजूर करतो प्लँट मॅनेजर. एकदा हेल्परच्या इंटरव्ह्यूला त्याला बसवलं होतं. पुढे स्टॉकमध्ये तूट निघाली, चौकशी झाली आणि कंपनीने त्याला डिसमिस केलं. तो कुठल्याच युनियनचा मेंबर नाही. कंपनी म्हणते, एक तर हा मॅनेजर, त्यात पगार एवढा, आणि एकट्या माणसाचं भांडण म्हणजे इंडस्ट्रियल डिस्प्युट होतच नाही.

आधी तारीख बघा

प्रश्नात तारीख दिली असेल तर ती आधी गोल करा. जुना कायदा म्हणजे इंडस्ट्रियल डिस्प्युट्स ॲक्ट १९४७, त्यात वर्कमन कलम २(एस) मध्ये आणि इंडस्ट्रियल डिस्प्युट कलम २(के) मध्ये. नवा कायदा म्हणजे इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड २०२०, तो २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला, त्यात शब्द "वर्कर" आहे आणि तो कलम २(झेडआर) मध्ये, डिस्प्युट कलम २(क्यू) मध्ये. सांगाडा जवळपास तोच आहे त्यामुळे जुन्या केसेस अजून तितक्याच कामाच्या, पण काही ठिकाणी फरक आहे आणि तो नेमका मार्कांच्या जागी आहे, तिथे आलो की सांगतो. प्रश्नात तारीख नसेल आणि "वर्कमन" हा शब्द वापरला असेल तर जुन्या कलमावर उत्तर लिहून नव्या कोडमधला फरक एका ओळीत द्यायचा.

पहिली पायरी: इंडस्ट्री आणि नोकरी

व्याख्या सुरूच होते "कुठल्याही इंडस्ट्रीत नोकरीला असलेली व्यक्ती" इथून. आपल्या स्टोरीत कारखाना आहे, त्यामुळे इंडस्ट्री आहे हे एका वाक्यात लिहा आणि पुढे चला. इथे १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय केसवर दोन पानं लिहिणारे असतात, विचारलेलं नसताना, आणि मग मुख्य मुद्द्याला वेळच उरत नाही. हॉस्पिटल, क्लब, शाळा, ट्रस्ट असं काही असेल तरच ती केस उघडायची.

नोकरी आहे का हाही प्रश्न इथे लहान आहे. माणूस पीसरेटवर, घरून किंवा कंत्राटावर काम करत असेल तरच तो मोठा होतो. तेव्हा धारांगध्रा केमिकल वर्क्स ही १९५७ ची केस आठवायची. त्यात मीठ पिकवणारे अगरिया होते, सीझनपुरते येणारे, पिकवलेल्या मिठाच्या हिशोबाने पैसे घेणारे, मदतीला स्वतःची माणसं लावणारे, तरी काम कसं करायचं यावर कंपनीचा कंट्रोल होता आणि ते स्वतःही राबत होते म्हणून ते वर्कमन ठरले.

एक बारीक गोष्ट. "अ"ला तर काढून टाकलंय, मग तो "नोकरीला असलेला" कसा? ही शंका व्याख्येनेच सोडवलीय. ज्याला काढल्यामुळेच डिस्प्युट उभा राहिला, तो त्या डिस्प्युटच्या कारवाईपुरता वर्कमन धरला जातो. एक वाक्य लिहा, परीक्षकाला कळतं की कलम शेवटपर्यंत वाचलंय.

दुसरी पायरी: पोस्टचं नाव खोडा, कामं मांडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. रफ पानावर पोस्टचं नाव खरोखर खोडून टाका आणि माणूस दिवसभर काय करतो तेवढंच लिहून काढा. कोर्ट नावाकडे बघत नाही, कारण नाव देणं मालकाच्या हातात असतं. मुख्य काम कुठलं आणि जोडकाम कुठलं हा खरा प्रश्न.

आनंदबाजार पत्रिका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ही कसोटी सरळ मांडलीय. माणूस मुख्यतः सुपरव्हिजन करत असेल आणि जाताजाता थोडं क्लेरिकल काम करत असेल तर तो सुपरव्हायझर, आणि मुख्य काम क्लेरिकल असून जाताजाता थोडी देखरेख असेल तर तो सुपरव्हायझर होत नाही. आता "अ"ची कामं बघा. मोजणी, जीआरएन, बिन कार्ड, एंट्री, स्टेटमेंट, दिवसाचा बहुतेक भाग यातच जातो. दोन हेल्परना माल कुठे लावा हे सांगणं हा त्याच कामाचा शेपटासारखा भाग आहे.

सुपरव्हिजन म्हणजे माणसांवरची देखरेख, वस्तूंवरची नाही, हेही पक्कं करा. स्टॉकवर लक्ष ठेवणारा, मशीन तपासणारा, हिशोब चेक करणारा तेवढ्याने सुपरव्हायझर होत नाही. नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज विरुद्ध किशन भगेरिया या केसमध्ये तर इंटर्नल ऑडिटर होता. तो मालकाच्या वतीने चेकिंग करायचा, रिपोर्ट द्यायचा, पण स्वतः निर्णय घेऊन कंपनीला बांधायचा अधिकार त्याला नव्हता, म्हणून तो वर्कमन ठरला. ऐकायला पोस्ट केवढी मोठी!

मग अधिकाराचे प्रश्न एकेक करून विचारा. रजा मंजूर करतो का? मेमो देऊ शकतो का? कोणाला घेऊ किंवा काढू शकतो का? खर्चाला मंजुरी देतो का? "अ" रजेची फक्त शिफारस करतो. शिफारस आणि मंजुरी यातला फरक प्रश्न काढणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला असतो, तो पकडायचा. इंटरव्ह्यूला एकदा बसणं हे एकदाचंच, त्यावरून ड्यूटीचं स्वरूप ठरत नाही. १९८४ च्या वेदप्रकाश गुप्ता विरुद्ध डेल्टन केबल केसमध्ये कारखान्याचा सिक्युरिटी इन्स्पेक्टर होता, त्याला कोणाला नेमायचा किंवा कोणावर कारवाई करायचा अधिकार नव्हता, आणि तो वर्कमनच ठरला. ही केस "अ"ला छान लागू होते, कारण इथेही नाव भारदस्त आणि हातात काही नाही.

प्रत्यक्ष कोर्टात हे सगळं सिद्ध करायची जबाबदारी मी वर्कमन आहे म्हणणाऱ्यावर असते. त्यामुळे अर्जात नुसतं "मी वर्कमन आहे" लिहून चालत नाही, रोजची कामं तपशिलात लिहावी लागतात आणि बिन कार्ड, जीआरएन, रजेचे अर्ज असे कागद लावावे लागतात. परीक्षेत हे लिहिलं तर चांगलंच दिसतं.

तिसरी पायरी: सात खान्यांपैकी एकात बसवा

इथे भलेभले घसरतात. वर्कमन कोण नाही याची यादी कलमात आहे, आर्मी, पोलीस, मॅनेजेरियल वगैरे, आणि मुलं म्हणतात की माणूस त्या यादीत नाही म्हणजे झाला वर्कमन. तसं होत नाही. कलम म्हणतं की काम मॅन्युअल, अनस्किल्ड, स्किल्ड, टेक्निकल, ऑपरेशनल, क्लेरिकल किंवा सुपरव्हायझरी असलं पाहिजे. म्हणजे आधी यातल्या एका खान्यात बसा, मग वगळलेल्या यादीत नाही हे दाखवा. एच. आर. अद्यंतया विरुद्ध सँडोझ या १९९४ च्या केसमध्ये पाच जजच्या बेंचने हेच सांगितलं. तिथे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह होते, ते मॅनेजर नव्हते, सुपरव्हायझरही नव्हते, पण सेल्स प्रमोशनचं काम वरच्या कुठल्याच खान्यात बसेना म्हणून ते या कलमाखाली वर्कमन झाले नाहीत. त्यांच्यासाठी १९७६ चा वेगळा कायदा आहे, आणि नव्या कोडमध्ये तर सेल्स प्रमोशन एम्प्लॉयी आणि वर्किंग जर्नालिस्ट दोघांना वर्करच्या व्याख्येत थेट घेतलंय, त्यामुळे तारीख नवी असेल तर इथे उत्तर उलटं येतं.

शिक्षकांचं याच रांगेतलं. ए. सुंदरांबाळ केसमध्ये (१९८८, गोव्यातली शाळा) कोर्ट म्हणालं शाळा इंडस्ट्री आहे, पण शिकवणं हे यातल्या कुठल्याच प्रकारचं काम नाही, म्हणून शिक्षक वर्कमन नाही. शाळेतला क्लार्क मात्र वर्कमन. व्यक्तिशः मला शिकवणं "स्किल्ड" मध्ये का नाही हे कधी पूर्ण पटलेलं नाही, पण उत्तरपत्रिकेत कायदा लिहायचा असतो, आपली नाराजी नाही.

"अ"चं मुख्य काम क्लेरिकल. खाना मिळाला.

चौथी पायरी: पगार आता बघा, आधी नाही

जुन्या कायद्यात १०,००० रुपयांची मर्यादा आहे (२०१० पर्यंत ती १,६०० होती), नव्या कोडमध्ये १८,००० ची. पण ही मर्यादा फक्त सुपरव्हायझरी काम करणाऱ्याला लागते. क्लेरिकल, टेक्निकल, स्किल्ड काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाहीच, त्याने लाखभर घेतले तरी तो वर्कमन. "अ"चं काम क्लेरिकल ठरलं त्यामुळे ४२,००० हा आकडा प्रश्नात केवळ फसवायला ठेवलाय, आणि तो बघून पहिल्याच ओळीत "पगार जास्त म्हणून वर्कमन नाही" लिहिणारे दर वर्षी निघतात. मॅनेजेरियल किंवा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह काम करणाऱ्याचं बरोबर उलटं, त्याचा पगार कितीही कमी असला तरी तो बाहेरच.

आता फॅक्ट बदला. समजा "अ" खरंच सुपरव्हायझर आहे, वीस जणांची शिफ्ट चालवतो, रजा स्वतः मंजूर करतो, आणि वेजेस १६,००० आहेत. जुन्या कायद्यात १०,००० च्या वर गेला म्हणून वर्कमन नाही. नव्या कोडमध्ये १८,००० च्या आत म्हणून वर्कर आहे. जुन्या कलमात अजून एक अट होती, की सुपरव्हायझरचा पगार कमी असला तरी त्याचं काम मुख्यतः मॅनेजेरियल असेल तर तो बाहेर, ती कोडच्या या उपकलमात नाही, पण मॅनेजेरियल कामाची वेगळी बंदी आहेच.

आणि वेजेस म्हणजे हातात येणारी रक्कम नाही. कोडच्या व्याख्येत बेसिक, डीए आणि रिटेनिंग अलाउन्स धरतात, घरभाडं, कन्व्हेयन्स, ओव्हरटाइम असे भत्ते वगळतात, पण वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग परत वेजेसमध्ये येतो. उदाहरण घ्या, एकूण २४,००० आणि त्यात बेसिक ९,०००, बाकी १५,००० असे भत्ते. निम्मे म्हणजे १२,०००, भत्ते त्यापेक्षा ३,००० ने जास्त, ते ३,००० बेसिकमध्ये मिळवा, वेजेस झाले १२,०००. म्हणजे २४,००० घेणारा सुपरव्हायझरसुद्धा १८,००० च्या आत बसला. प्रश्नात पगाराची फोड दिली असेल तर ती याच साठी दिलेली असते.

पाचवी पायरी: डिस्प्युट आहे का

वर्कमन ठरला म्हणून डिस्प्युट आपोआप ठरत नाही, याचं उत्तर वेगळं लिहायचं. २(के) मध्ये तीन गोष्टी तपासायच्या. भांडण कोणाकोणात आहे: मालक आणि मालक, मालक आणि वर्कमन, किंवा वर्कमन आणि वर्कमन. भांडण कशाबद्दल आहे: नोकरी देणं किंवा न देणं, नोकरीच्या अटी, किंवा कामाची परिस्थिती. आणि ते कोणाबद्दल आहे, तर "कुठल्याही व्यक्तीबद्दल".

मूळ २(के) मध्ये एकट्याचं भांडण बसतं का यावर खूप वाद झाला आणि कोर्टांनी ठरवलं की एकट्याचं भांडण तेव्हाच इंडस्ट्रियल डिस्प्युट होतं जेव्हा युनियन किंवा त्याच आस्थापनेतले बऱ्यापैकी संख्येने कामगार ते उचलून धरतात. बहुमत लागत नाही. बाहेरची जनरल युनियन, जिच्यात त्या आस्थापनेतले कामगार जवळपास नाहीतच, तिने उचललं तर पुरत नाही, हा मुद्दा बॉम्बे युनियन ऑफ जर्नालिस्ट्स विरुद्ध द हिंदू या केसमधला. सरकार डिस्प्युट निकालासाठी लेबर कोर्टाकडे किंवा ट्रायब्युनलकडे पाठवतं त्याला रेफरन्स म्हणतात, पाठिंबा त्या रेफरन्सच्या तारखेला असावा लागतो, नंतर कामगारांनी अंग काढून घेतलं तरी रेफरन्स पडत नाही.

मग १९६५ मध्ये कलम २-ए आलं. एकट्या वर्कमनला डिस्चार्ज, डिसमिस, रिट्रेंच किंवा कुठल्याही प्रकारे टर्मिनेट केलं असेल तर ते भांडण इंडस्ट्रियल डिस्प्युट मानायचं, युनियन नसली तरी. नव्या कोडने हीच गोष्ट २(क्यू) च्या व्याख्येतच घातलीय. म्हणून "अ"च्या बाबतीत कंपनीचा "एकट्याचं भांडण" हा बचाव टिकत नाही, कारण त्याला डिसमिस केलंय.

पण इथे एक शब्द बदला आणि सगळं कोसळतं. समजा "अ"ला डिसमिस नाही केलं, दूरच्या प्लँटला बदली केली. किंवा इन्क्रिमेंट रोखलं, किंवा सस्पेंड केलं. २-ए मध्ये यातलं काहीही नाही, ते फक्त नोकरी संपवण्यापुरतं आहे. मग तो वर्कमन असूनही एकटा इंडस्ट्रियल डिस्प्युट उभा करू शकत नाही, त्याला युनियन किंवा सहकाऱ्यांचा पाठिंबा आणावाच लागतो. प्रश्न काढणाऱ्यांचा हा आवडता सापळा आहे, त्यामुळे क्रियापद दोनदा वाचा, काढलं की हलवलं.

"कुठल्याही व्यक्तीबद्दल" म्हणजे किती कुठलीही

आता दुसरी बाजू. ज्याच्याबद्दल भांडण तो वर्कमन नाही, पण कामगारांची युनियन त्याच्यासाठी भांडतेय. यावर १९५८ ची डिमाकुची टी इस्टेट केस. आसाममधल्या चहाच्या मळ्यातला असिस्टंट मेडिकल ऑफिसर, म्हणजे डॉक्टर, त्याला काढलं आणि मळ्यातल्या कामगारांच्या युनियनने त्याची बाजू घेतली. कलमात "वर्कमनबद्दल" असं न लिहिता "व्यक्तीबद्दल" लिहिलंय, त्यामुळे युनियनचा दावा शब्दशः चूक नव्हता. पण सुप्रीम कोर्टाच्या बहुमताने म्हटलं की कुठलीही व्यक्ती म्हणजे जगातला कोणीही नाही. ज्याच्या नोकरीत किंवा अटींमध्ये भांडणाऱ्या कामगारांचा थेट किंवा भरीव हितसंबंध आहे अशीच व्यक्ती. डॉक्टर वर्कमन नव्हता आणि त्याच्या नोकरीशी कामगारांचा असा संबंध दिसला नाही, म्हणून तो इंडस्ट्रियल डिस्प्युट नाही. एका न्यायाधीशांनी वेगळं मत दिलं होतं, दीर्घ उत्तरात ते सांगितलं तर चांगलं.

लक्षात ठेवायचं ते एवढंच की व्यक्ती वर्कमन नसणं हा आपोआप शेवट नाही, हितसंबंध दाखवता आला तर डिस्प्युट होऊ शकतो. समजा कंपनी हेल्परची कामं काढून कंत्राटी माणसांना देतेय आणि युनियन म्हणते त्या कंत्राटी माणसांना कायम करा. ती माणसं युनियनच्या मेंबरसारखंच काम करतात, त्यांना कमी पैसे मिळाले तर उद्या मेंबरचेच दर घसरतील, तर हितसंबंध दाखवायला बरीच जागा आहे. पण "अ"च्या जागी कंपनीचा सेल्स डायरेक्टर ठेवा आणि युनियन "चांगला साहेब होता" म्हणून भांडतेय असं समजा, तिथे कितीही प्रेम असलं तरी कायद्यातला हितसंबंध नाही.

उत्तर कसं मांडायचं

"अ"च्या प्रश्नाचं उत्तर मी असं लिहीन. कारखाना इंडस्ट्री आहे, एक ओळ. पोस्टचं नाव निर्णायक नाही, आनंदबाजार कसोटीने मुख्य काम क्लेरिकल. शिफारशीपुरता अधिकार आणि एकदाचा इंटरव्ह्यू यावरून सुपरव्हायझरी किंवा मॅनेजेरियल म्हणता येत नाही, वेदप्रकाश गुप्ता. क्लेरिकल असल्याने ४२,००० चा मुद्दा गैरलागू. म्हणून वर्कमन. डिसमिसल असल्याने २-ए लागू, युनियनची गरज नाही, इंडस्ट्रियल डिस्प्युट आहे. आणि एक परिच्छेद पर्यायी: कोर्टाला पुरावा बघून तो मुख्यतः सुपरव्हायझर वाटला तर ४२,००० मुळे तो दोन्ही कायद्यांत बाहेर जाईल, मग त्याला लेबर कोर्टाचा रस्ता बंद, सिव्हिल कोर्टात जावं लागेल.

पुढचा रस्ता विचारला असेल तर तोही कायद्याप्रमाणे बदलतो. २०१० नंतरच्या २-ए खाली कन्सिलिएशन ऑफिसरकडे, म्हणजे समेट घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज देऊन ४५ दिवस झाले की सरकारच्या रेफरन्सची वाट न बघता थेट लेबर कोर्टात जाता यायचं, काढल्यापासून ३ वर्षांच्या आत. नव्या कोडमध्ये कलम ५३ आहे. कन्सिलिएशन ऑफिसरला डिस्प्युट उभा राहिल्यापासून २ वर्षांनंतर कारवाई चालवता येत नाही, आणि त्याच्याकडे मिटलं नाही तर रिपोर्ट मिळाल्यापासून ९० दिवसांत ट्रायब्युनलकडे अर्ज करायचा. जुनी ३ वर्षं डोक्यात ठेवून बसलेल्याचं इथे पूर्ण एक वर्ष कमी होतं.